कालपर्यंत सोबत मशीन चालवली, सोमवारपासून मी त्यांचा सुपरवायझर. पहिल्या दिवशी काय बोलू?

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. बुटीबोरी एमआयडीसीत एका फूड पॅकिंगच्या कंपनीत आहे, नाव राहू द्या. पाऊच पॅकिंगच्या चार मशीन, तीन ते अकराच्या शिफ्टला मी धरून बारा जण. इतकी वर्षं ऑपरेटर होतो, आता शिफ्ट सुपरवायझरचं लेटर मिळालं आणि तेही त्याच शिफ्टला. म्हणजे ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला, ज्यांच्या वरातीत नाचलो, ते पोट्टे आता माझ्या हाताखाली. प्लांट हेड साहेब म्हणाले सोमवारी शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं घे आणि सगळ्यांना स्वतःचा परिचय करून दे. आता सांगा, परिचय काय करून देऊ, बायको माहेरी गेली की माझ्या डब्यात काय येते हेसुद्धा त्यांना माहीत आहे.

त्यात दोन गोष्टी अडचणीच्या. एक म्हणजे आमच्या लाइनवरचे सगळ्यात सिनियर ऑपरेटर, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांनीही याच पोस्टसाठी इंटरव्ह्यू दिला होता. मला मशीन त्यांनीच शिकवली. दुसरं, पोळा तोंडावर आहे आणि पोळा-मारबतला सुट्टी कोणाला नको असते.

बोलायचं मी लिहून काढलं आहे, वाचा आणि खरं सांगा:

"मित्रांनो, मी तुमच्यातलाच आहे आणि तुमच्यातलाच राहीन. सुपरवायझर वगैरे नावापुरतं समजा. आपण सगळे एक फॅमिली आहोत. काही प्रॉब्लेम असला तर माझा फोन चोवीस तास चालू आहे. सुट्टीचं, ओटीचं मी पाहून घेईन, टेन्शन घेऊ नका. खरं म्हणजे ही पोस्ट काकांना मिळायला पाहिजे होती. मला सांभाळून घ्या एवढीच विनंती."

तर्री_जास्त

अभिनंदन भाऊ! भाषण नंतर पाहू, आधी सावजी कधी ते सांग.

स्वप्न_नोकरीचे

सेल्फ इंट्रोडक्शनमध्ये सुरुवातीला पूर्ण नाव, मग गाव, मग शिक्षण आणि पर्सेंटेज सांगा. मग एक्सपिरियन्स. स्ट्रेंथ सांगताना हार्डवर्किंग म्हणू नका, सगळेच म्हणतात. वीकनेस विचारली तर मला परफेक्शन लागते असं सांगा, शेवटी थँक्यू सर म्हणा. मी दोन कंपन्यांत असंच सांगून सिलेक्ट झाले.

तर्री_जास्त

ताई, त्याचं सिलेक्शन झालं आहे, आता सिलेक्शनची शिक्षा भोगून राहिला तो 😄

जुना_फोरमन

अभिनंदन. मी हिंगण्याला एका इंजिनिअरिंग कारखान्यात हेल्परपासून शिफ्ट इनचार्जपर्यंत गेलो, आता रिटायर आहे. तुमचा मसुदा वाचला, मनाने चांगले दिसता, पण यातलं एकही वाक्य सोमवारी बोलू नका. कारण सांगतो.

"सुपरवायझर नावापुरतं" असं तुम्ही सोमवारी म्हणाल आणि बुधवारी एखाद्याला मशीन तीनवरून मशीन एकवर जा म्हणाल, तेव्हा तो हसून तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवेल. त्याचं चूक नाही, तुम्हीच सांगितलं होतं. "सुट्टीचं, ओटीचं पाहून घेईन" हे तर सगळ्यात महाग वाक्य. आधी हे सांगा की किती दिवसांची सुट्टी तुमच्या सहीने मंजूर होते आणि ओटीला कोणाला बसवायचं हे कोण ठरवतं? हे माहीत नसताना बोलाल तर ऐकणारे अकरा जण अकरा वेगळे अर्थ घेऊन घरी जातील.

आणि काकांबद्दल जे लिहिलं आहे ते सगळ्यांसमोर बोललात तर त्या माणसाला ओशाळं करून सोडाल. त्यांची पोस्ट हुकली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर माइक लावायची गरज नाही. शिवाय तुम्ही स्वतःच म्हणून राहिले की निवड चुकली, मग बाकीच्यांनी तुमचं का ऐकायचं?

काकांना सोमवारच्या आधी एकटे भेटा. चहाच्या टपरीवर भेटा, घरी जाऊ नका, घरी गेलं की सांत्वनाला आल्यासारखं होते. माफी मागू नका, पोस्ट तुम्ही हिसकावलेली नाही. एवढंच सांगा की सोमवारी असं असं बोलणार आहे, तुम्हाला गर्दीत पहिल्यांदा ऐकू यावं असं वाटलं नाही म्हणून आधी सांगून राहिलो. मग गप्प बसा, ते काय बोलतात ते ऐका. काही बोलले नाही तरी चालेल.

कडक_कॉफी

मी पुण्यात आयटीत टीम लीड आहे, मूळचा त्रिमूर्ती नगरचा. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या दिवशीच पकड घ्यायची. डबा वेगळा खायचा, व्हॉट्सॲप ग्रुप सोडायचा, भाऊ म्हणू नका सर म्हणा असं स्पष्ट सांगायचं. नंतर ढील देता येते, नंतर आवळता येत नाही.

जुना_फोरमन

नंतर आवळता येत नाही हे तुमचं बरोबर आहे. पण काय आवळायचं यात घोटाळा होऊन राहिला. सर म्हणायला लावणं, डबा वेगळा करणं, याने तुमचा मान तेवढा मोठा दिसतो, कामात फरक पडत नाही. पहिल्या दिवशी एकच गोष्ट कडक करावी, आणि ती कामाची असावी, तुमच्या मानाची नाही. कारखान्यात ती बहुतेक वेळा सेफ्टीची निघते. तुमच्या लाइनवर असं काय आहे जे सगळे करतात, तुम्हाला माहीत आहे आणि ऑफिसला माहीत नाही?

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

फोरमन साहेब, तुम्ही बरोबर दुखती नस दाबली. सांगतो. आमच्या मशीनमध्ये फिल्मचा रोल वरून येतो, पाऊच तयार होते, आणि गरम जॉ मध्ये सील होते, जॉ दीडशे डिग्रीच्या आसपास असतात. समोर पारदर्शक गार्ड आहे, तो उघडला की सेन्सरमुळे मशीन आपोआप थांबते. फिल्म जॉ ला चिकटली की गार्ड उघडा, काढा, परत सेटिंग जमवा, यात तीन-चार मिनिटं जातात आणि वीसेक पाऊच वाया. एका शिफ्टला असं कितीतरी वेळा होते. म्हणून पोट्ट्यांनी काय केलं, सेन्सरला छोटा मॅग्नेट लावतात, मशीनला वाटते गार्ड बंद आहे, आणि चालत्या मशीनमध्ये सळईने फिल्म काढतात. कोणाच्या खिशात मॅग्नेट असतो हे मला नावानिशी माहीत आहे. आता सुपरवायझर झाल्यावर हे बोललो तर फितूर, नाही बोललो आणि उद्या कोणाचा हात गेला तर?

सिस्टर_इनचार्ज

तुमचा धागा वाचून माझाच किस्सा आठवला म्हणून लिहिते. मी नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डची इनचार्ज झाले तेव्हा माझ्याच बॅचच्या दोघी माझ्या वॉर्डात होत्या. माझ्या वेळी भांडण भाषणावरून झालं नाही, ड्युटीच्या तक्त्यावरून झालं. पहिल्या महिन्याचा तक्ता मी लावला आणि माझ्या जवळच्या मैत्रिणीला नाइट कमी आल्या. मी मुद्दाम केलं नव्हतं, तिचं लहान मूल होतं म्हणून आधीच्या सिस्टरनीही तसंच लावलं होतं, पण आता सही माझी होती ना. तीन जणी माझ्याशी बोलेनात. मग मी तक्त्याखाली नाइट मोजून लिहायला लागले, कोणाला किती, सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर. कुरकुर थांबली असं नाही म्हणणार, पण कुजबुज थांबली, जे आहे ते तोंडावर बोलायला लागल्या. तेव्हा भाषणात तुम्ही कोणाला कोणती मशीन कशी देणार ते सांगा. कारण तुमचे लोक सोमवारी तुमच्याकडे पाहतील तेव्हा मनात हेच असेल की याच्या दोस्तांना आता चांगली मशीन मिळणार.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

ताई एकदम बरोबर. मशीन चार जुनी आहे, सगळ्यात जास्त तिथेच अडकते, कोणालाच नको असते. आणि माझा खास दोस्त आजवर मशीन एकवर आहे, नवीन मशीन, एसीच्या डक्टखाली.

जुना_फोरमन

मग पहिल्या आठवड्याचा तक्ता लावताना तुमचा दोस्त मशीन चारवर आलाच पाहिजे असं नाही, पण पाळीपाळीने येणार हे बोर्डवर दिसलं पाहिजे. मुद्दाम त्याला शिक्षा दिल्यासारखं पहिल्याच दिवशी चारवर टाकाल तर तेही ढोंग दिसते.

आता मॅग्नेटचं. यात तीन कामं आहेत आणि भाषण त्यातलं तिसरं. पहिलं, फिल्म का चिकटते हे मेंटेनन्सला विचारा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, जॉ वरचं टेफ्लॉन घासलं असेल, टेम्परेचर वर-खाली होत असेल, फिल्म सरकत असेल. पोट्टे मॅग्नेट शौक म्हणून लावत नाहीत, टार्गेट पुरं करायला लावतात. दुसरं, प्लांट हेडकडून सोमवारच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या: मशीन थांबवून फिल्म काढली तर तो वेळ रिपोर्टमध्ये कोणाच्या नावावर जाईल. तो ऑपरेटरच्या आउटपुटमधून कापला जाणार असेल तर तुम्ही कितीही गोड बोला, मॅग्नेट खिशातच राहील. डाऊनटाइम तुमच्या नावाने लिहायचा आणि वरचे बोलणे तुम्ही खायचे, हे साहेबांनी मान्य केलं तरच नियम जाहीर करा.

मग भाषणात म्हणा की आजपासून मॅग्नेट बंद. आजवर कोण लावत होतं ते मी विचारणार नाही. आजपासून दिसला तर मशीन मी थांबवीन. नाव कोणाचंही घेऊ नका आणि नजरही कोणाकडे नेऊ नका, हे नजरेचं लक्षात ठेवा, बारा लोकांच्या गोलात नजर लगेच कळते.

मेंटेनन्स_वाला_भाऊ

मध्येच बोलतो. गार्ड उघडला म्हणजे मशीन मेली असं समजू नका. जॉ हवेवर चालत असतील तर लाइनमध्ये प्रेशर राहते, अडकलेली फिल्म निघाली की जॉ हलू शकते. सळई बाहेरून घालून चिकटलेलं काढायचं असेल तर स्टॉप आणि गार्ड ठीक आहे, पण हात आत घालायचा असेल तर मेन स्विच बंद, हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडायची, आणि जॉ थंड होऊ द्यायचे. टेफ्लॉनचं म्हणाल तर बदलायला अर्धा तास पुरे होते, पण स्टोअरमधून ते निघायला आठवडा लागते, हे आमच्याकडचं सांगतो. सोमवारच्या आधी मशीन चारचं टेफ्लॉन बदलून घेतलं तर तुमचं भाषण कोणी ऐकलं नाही तरी चालेल.

एचआर_मधली_एक

सुट्टी आणि ओटीवर थोडं. सुपरवायझरला साधारणपणे सुट्टी शिफारस करायचा अधिकार असतो, काही ठिकाणी एक-दोन दिवस मंजूर करायचाही असतो, कंपनीवर आहे. तुमच्या लेटरमध्ये किंवा एचआरकडे लिहिलेलं असेल, सोमवारच्या आधी विचारून घ्या. ओटीचा दर दुप्पट हे कायद्याने ठरलेलं आहे, त्यात तुम्ही काही पाहून घेऊ शकत नाही. आणि ओटीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी लवकर जा, असा तोंडी व्यवहार अजिबात सुरू करू नका. मित्रांमध्ये हे चालायचं, तुम्हालाही माहीत असेल, पण आता त्या माणसाला रस्त्यात काही झालं तर मस्टरवर तो हजर आणि प्रत्यक्षात वर्धा रोडवर, आणि उत्तर तुम्हाला द्यायचं.

अजून एक. नवीन सुपरवायझर दहातले आठ जण "मी वर बोलतो" म्हणतात आणि मग विसरतात. जे विचारायला घेतलं ते वहीत लिहा आणि उत्तर नाही असलं तरी परत जाऊन सांगा.

कडक_कॉफी

ग्रुपचं काय मग? ग्रुपमध्ये राहिला तर रोज साहेबांवरचे मीम याच्यासमोर येणार. पाहून गप्प बसला तरी प्रॉब्लेम, हसला तरी प्रॉब्लेम.

सिस्टर_इनचार्ज

मी ग्रुप सोडला नव्हता, माझ्या न कळत दुसरा ग्रुप निघाला होता, आणि ते बरंच झालं म्हणते मी. त्यांना माझ्याबद्दल बोलायला जागा पाहिजेच की.

तर्री_जास्त

आमच्या शिफ्टच्या ग्रुपात सुपरवायझर आहे, कोणी काही बोलत नाही, फक्त गुड मॉर्निंगचे गुलाब येतात.

कडक_कॉफी

तेच म्हणून राहिलो. त्याने स्वतःहून निघावं, सांगून निघावं. लपूनछपून दुसरा ग्रुप निघण्यापेक्षा ते सरळ आहे. यावर मी काही मत बदलणार नाही.

जुना_फोरमन

आमच्या वेळी ग्रुप नव्हते, त्यामुळे मी यात पडत नाही. मसुदा परत लिहा भाऊ. आणि एक, तुमच्या आधी प्लांट हेडनी दोन वाक्यं बोलावी की आजपासून शिफ्ट हे पाहतील. मग त्यांनी तिथून निघून जावं. ते मागे उभे राहिले तर लोक त्यांच्याकडे पाहून ऐकतात.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

दोन दिवस हेच करून राहिलो. एचआरकडून कळलं, दोन दिवसांपर्यंतची सुट्टी माझ्या सहीने, त्याच्यावर साहेब. डाऊनटाइमचं साहेबांनी एक महिन्यासाठी मान्य केलं, म्हणाले आकडे पाहू मग बोलू. टेफ्लॉन फक्त मशीन चारचं मिळालं, तीनचं इंडेंट टाकलं. आता हा नवीन:

"मला तुम्ही ओळखता, म्हणून आजपासून काय बदलते तेवढंच सांगतो. कोण कोणत्या मशीनवर हे मी लावणार. तक्ता शनिवारी बोर्डवर लागेल, मशीन चार सगळ्यांना पाळीने येईल. सुट्टीचा अर्ज माझ्याकडे द्यायचा. दोन दिवसांपर्यंत मी मंजूर करू शकतो, त्यापुढे साहेब. एका दिवशी दोनच जण सोडता येतात, पोळ्याला आणि मारबतलाही दोनच, हे आजच सांगून ठेवतो. पगार, ओटीचा हिशोब, परमनंटचं माझ्या हातात नाही. त्याबद्दल विचाराल तर मी वर विचारून उत्तर आणीन, उत्तर नाही असलं तरी येऊन सांगीन.

एक गोष्ट आजपासून बंद. गार्ड उघडा ठेवून मशीन चालवायची नाही, सेन्सरला काही लावायचं नाही. आजवर काय झालं ते मी काढणार नाही. आजपासून दिसलं तर मशीन मी थांबवीन. फिल्म अडकली की मशीन बंद करा, मग काढा. हात आत घालायचा असेल तर मला किंवा मेंटेनन्सला बोलवा. त्यात जो वेळ जाईल तो रिपोर्टमध्ये माझ्या नावाने जाईल, तुमच्या आउटपुटमध्ये धरला जाणार नाही. मशीन चारचं टेफ्लॉन काल बदललं, तीनचं मागवलं आहे.

कोणाचं काही चुकलं तर मी त्यालाच बाजूला घेऊन सांगीन, ग्रुपवर नाही. माझं चुकलं तर मलाही तसंच सांगा. या आठवड्यात प्रत्येकासोबत दहा मिनिटं बसणार आहे, मशीनचं, घरचं, जे सांगायचं ते तेव्हा सांगा. चला, पाऊचचा रोल लावून घेऊ."

जुना_फोरमन

हे बोला. "एक महिन्यासाठी" हे डाऊनटाइमच्या वाक्यात घाला, साहेबांनी महिनाच दिला आहे तर महिनाच सांगा. "घरचं" काढून टाका, आता तुम्ही साहेब आहात, घरचं विचारून राहिला म्हणजे सुट्टी द्यायची की नाही हे ठरवायला विचारून राहिला असं वाटते. ज्याला सांगायचं तो सांगेल.

सिस्टर_इनचार्ज

मला "घरचं" ठेवावंसं वाटते. नाहीतर हे सगळं नोटीस बोर्ड वाचल्यासारखं होईल. ते पोट्टे आहेत त्याचे, याच्या लग्नाचं वरण त्यांनी वाढलं असेल.

एचआर_मधली_एक

मी फोरमन काकांच्या बाजूने. पण बोलताना एक वाक्य असं पाहिजे ज्यात हा त्यांच्यासोबत काम केलेला माणूस आहे हे दिसेल. टेफ्लॉनचं वाक्य तेच करते खरं तर, बाहेरून आलेल्या सुपरवायझरला पहिल्या दिवशी ते सुचलंच नसतं.

तर्री_जास्त

मले तर शेवटचं रोल लावून घेऊ आवडलं. टाळ्या वाजवायचा चान्सच नाही दिला.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

झालं एकदाचं. सांगतो.

काकांना शनिवारी शिफ्टच्या आधी टपरीवर भेटलो. सांगितलं तसंच बोललो. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, मशीनचं मी पाहीन, माणसांचं तुझं तू पाह्य. यात राग होता की मदत होती मला आजपर्यंत कळलं नाही. सोमवारी ते गोलात मागे उभे होते.

साहेब दोन वाक्यं बोलायचे होते ते दहा मिनिटं बोलले, माझी स्तुती केली, "यंग आहे, याच्यात आग आहे" वगैरे, काका तिथेच उभे. त्यामुळे मी आधीच ताणात. "घरचं" काढून टाकलं होतं. मॅग्नेटचं बोललो तेव्हा एकदम शांत झाले. डाऊनटाइम माझ्या नावाने हे बोलल्यावर मागून कोणीतरी विचारलं, आणि महिन्यानंतर? मी म्हणालो महिन्याचे आकडे घेऊन परत साहेबांकडे जाईन, तेव्हा काय ठरते ते इथेच उभं राहून सांगीन. यापेक्षा जास्त माझ्याकडे नव्हतं. हसले नाहीत, चिडलेही नाहीत, रोल लावायला गेले.

मंगळवारी मशीन दोनवर मॅग्नेट दिसला. मशीन थांबवली, मॅग्नेट काढून हातात दिला, काही बोललो नाही. ब्रेकमध्ये त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला सवय आहे, हात जातेच. रिपोर्टमध्ये नाव लिहिलं नाही, पण पुढच्या वेळी लिहावं लागेल हे सांगितलं. बरोबर केलं का?

आणि जे व्हायचं होतं ते झालंच. माझा दोस्त, मशीन एकवाला, त्याने रात्री साडेबाराला पर्सनलवर मेसेज टाकला, पोळ्याला गावी जायचं आहे, माझं पाह्य. दोन अर्ज आधीच आले होते. मी लिहिलं, अर्ज दे, तिसरा नंबर आहे, पहिल्या दोघांपैकी कोणी सोडलं तरच. तेव्हापासून तो बसमध्ये माझ्या बाजूची सीट सोडून मागे बसते.

जुना_फोरमन

मॅग्नेटचं बरोबर केलं, पण तो हातात परत द्यायचा नव्हता, ड्रॉवरमध्ये ठेवायचा. दोस्ताचं वेळ घेईल. तुम्ही त्याला मेसेजवर उत्तर दिलं, तेवढं समोरासमोर परत एकदा सांगा, रात्री साडेबाराचं उत्तर रागातलं वाटते.

कडक_कॉफी

म्हणूनच म्हणत होतो, चोवीस तास फोन चालू हे पहिल्या मसुद्यातलं वाक्य मनातूनही काढ. अकरानंतर फक्त अपघात आणि गैरहजेरी, बाकी उद्या.

एचआर_मधली_एक

पहिले अर्ज पहिले ही पद्धत ठीक वाटते पण त्यात एक खोट आहे. ज्याला तुझी सहीची पद्धत आधी कळली तो आधी अर्ज टाकतो. गेल्या वर्षी पोळ्याला कोण सुटलं होतं ते रजिस्टरमध्ये असेलच, ते काढ. ज्यांना गेल्या वर्षी मिळाली त्यांचा नंबर या वर्षी मागे.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

पण मी आधीच दोघांना हो म्हटलं. त्यातला एक गेल्या वर्षीही सुटला होता बहुतेक.

जुना_फोरमन

हो म्हटलं असेल तर आता फिरवू नका. रजिस्टरची पद्धत पुढच्या सणापासून.

सिस्टर_इनचार्ज

आणि पुढच्या सणांचं आत्ताच विचारून घ्या ना. सगळ्यांना पोळाच पाहिजे असं नसते. आमच्याकडे काही जणींना महालक्ष्मीला पाहिजे असते, काहींना दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं असते, त्या दिवशी त्यांना काही झालं तरी ड्युटी नको असते, बदल्यात त्या दिवाळीत आनंदाने येतात. एका कागदावर प्रत्येकाची एक नंबरची सुट्टी लिहून घेतली की अर्धी भांडणं तिथेच सुटतात. तुमच्या दोस्तालाही त्यात बसवा.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

हे करतो. तशीही दहा-दहा मिनिटांची बैठक सात जणांची झाली, चार राहिले, त्यात काका आणि दोस्त दोघंही आहेत. कागद घेऊनच बसतो. काकांना आधी विचारू की शेवटी?